‘अनुमोदित’ म्हटलं तर सूचक कोण?

“आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या बजेटच्या पहिल्या पानावर सह्यांच्या जागी ‘तयारकर्ता, जाँचकर्ता, अनुमोदनकर्ता’ असं टाइप होऊन आलंय. शुद्ध मराठीत काय लिहायचं? आणि बजेटला अर्थसंकल्प म्हणावं का अंदाजपत्रक?” – एक सचिव, प्रतापनगर, नागपूर

टाइप करणाऱ्याने हिंदी नमुन्यावरून उचललेलं दिसतं. आपल्या नागपुरात हे व्हायचंच. ‘जाँच’ लगेच डोळ्यात खुपते, पण खरी गोची ‘अनुमोदन’मध्ये आहे, कारण तो शब्द मराठीतही आहे आणि त्याचं काम वेगळं आहे.

हिंदी कार्यालयात अनुमोदन म्हणजे मंजुरी. मराठी सभेत अनुमोदन म्हणजे कुणीतरी मांडलेल्या ठरावाला दुसऱ्याने दिलेला दुजोरा. तुमचंच इतिवृत्त काढून बघा: ‘सूचक : अमुक, अनुमोदक : तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर.’ अनुमोदन झालं तेव्हा ठराव अजून मंजूर व्हायचा असतो. मी हिशेब बघत असे त्या एका संस्थेत अध्यक्षांच्या सहीखाली ‘अनुमोदक’ छापून आलं होतं. सभेत मागच्या रांगेतून एक काका उठले, “अनुमोदक दिसून राहिले भाऊ, सूचक कोण आहे?” सभा हसली, पण काकांचं बरोबर होतं. तिथे हवा तो शब्द ‘मंजूर’. हा अरबी शब्द ‘नजर’च्याच कुळातला, मूळ अर्थ ‘पाहिलेलं’. नजरेखालून गेलं आणि पटलं, ते मंजूर.

आता मंजूर कोणी केलं, हेही त्या ओळीत यायला हवं. सहकारी गृहनिर्माण संस्थेत अंदाजपत्रक व्यवस्थापक समिती तयार करते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा मंजूर करते. अध्यक्ष एकटे मंजूर करत नाहीत, ते सभेचा निर्णय सहीने कायम करतात. म्हणून ‘मंजूर : अध्यक्ष’ एवढंच लिहिलं की सभा गायब होते. सभेची तारीख आणि ठराव क्रमांक त्याच ओळीत घाला. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणजे एप्रिलपासून चालू झालेल्या वर्षाचा कागद मंजुरीविना काही महिने फिरत राहतो. तोवर पहिल्या पानावर ‘मसुदा’ लिहून ठेवा आणि मंजुरीची ओळ कोरी सोडा.

‘जाँचकर्ता’च्या जागी ‘तपासनीस’ मात्र टाकू नका. ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’चा, म्हणजे लिहिणाऱ्याचा अवशेष, महालातल्या चिटणीस पार्कच्या नावातही तोच आहे. शब्द छान आहे, पण ‘हिशेब तपासनीस’ म्हटलं की सभासदांना ऑडिटर आठवतो, आणि त्याने न केलेली तपासणी त्याच्या नावावर जाते. नुसतं ‘तपासले’ पुरे. ज्याने आकडे मांडले त्यानेच तपासले असं मात्र नको; खजिनदाराने तयार केलं असेल तर सचिवाने तपासावं.

काही कार्यालयांत ‘तयार करणार, तपासणार’ असं लिहितात. ते चूक नाही. खरेदीखतातला ‘लिहून देणार’ असाच आहे, ‘देणारा माणूस’ या अर्थी. पण आजची पोरं ते भविष्यकाळ म्हणून वाचतात. एका खजिनदाराने मला विचारलंच, “करणार कशाला? झालं न करून!” मी त्याच्या बाजूचा.

‘केले’ लिहायचं ठरवलं की लिंग सांभाळावं लागतं, आणि तुमचा दुसरा प्रश्न इथेच सुटतो. अर्थसंकल्प पुल्लिंगी: तयार केला, तपासला. अंदाजपत्रक नपुंसकलिंगी: तयार केले, तपासले. वर एक नि खाली दुसरं झालं की पान दोन जागांवरून उचललेलं आहे हे कळतं. अर्थसंकल्प शब्द मला राज्याच्या किंवा महापालिकेच्या बजेटला शोभतो. पाण्याची टाकी धुण्याचा खर्च धरणाऱ्या संस्थेचं ते अंदाजपत्रक. (इंजिनिअर लोक बांधकामाच्या खर्चाच्या अंदाजालाही अंदाजपत्रकच म्हणतात, म्हणून वर्ष लिहायला विसरू नका.)

संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक वर घेऊन बाकी पान असं करा. तारीख, क्रमांक तुमचे टाका:

सन २०२५-२६ चे अंदाजपत्रक
(१ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६)

तयार केले : ………… खजिनदार, दि. ………
तपासले : ………… सचिव, दि. ………
दि. १४ सप्टेंबर २०२५ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव क्र. ५ नुसार मंजूर.
………… अध्यक्ष

शेवटच्या ओळीत ‘केले’ मुद्दाम घातलेलं नाही. ते घातलं की खालची सही करणाऱ्यानेच मंजूर केलं असं वाचलं जातं.