वैमानिकांच्या आरटीआर या रेडिओ परवान्याची तोंडी परीक्षा: 'ट्वेंटी फोर हंड्रेड' म्हटलं तर बिघडलं काय?

«"डिसेंडिंग टू ट्वेंटी फोर हंड्रेड" असा रीडबॅक दिला आणि परीक्षकांनी तिथेच थांबवलं. कारण विचारलं तर म्हणाले, पुस्तकात बघा. आकडे एकेक करून बोलायचे एवढंच पाठ आहे, पण का ते कुणी सांगत नाही. मी मराठी माध्यमातला, क्लासवाले म्हणतात तुझ्या उच्चारांचाच प्रॉब्लेम आहे. काय करू?»

तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं वर आलं, म्हणून जरा लांब लिहितोय. आधीच सांगतो, मी परीक्षक नाही. एका छोट्या मार्गांवरच्या कंपनीत उडवतो. परीक्षा कोण घेतं आणि कशी घेतं यात अलीकडे बदल झालेत, त्यामुळे तेवढ्यापुरतं ताजं परिपत्रकच प्रमाण माना. अक्षरमाला, मेडे कॉल वगैरे तुम्हाला येत असणारच, ते सोडून देतो.

"आकडे एकेक करून बोलायचे" हे अर्धंच खरं आहे. हेडिंग, ट्रान्सपॉन्डर कोड, फ्रीक्वेन्सी हे सगळं एकेक अंकाने. पण उंची पूर्ण शेकड्या-हजारांत असेल तर 'थाउजंड' आणि 'हंड्रेड' हे शब्द उच्चारायचेच: टू थाउजंड फोर हंड्रेड. तुमच्या उत्तरात नेमका 'थाउजंड' गेला. ही बारीकसारीक खुसपटं वाटतात, मलाही वाटायची. पण तुमचाच आकडा असलेला एक अपघात आहे.

१९ फेब्रुवारी १९८९. फ्लाइंग टायगरचं मालवाहू ७४७, फ्लाइट ६६, सिंगापूरहून क्वालालंपूरला उतरत होतं. कंट्रोलरला त्यांना २४०० फुटांवर आणायचं होतं. तो म्हणाला, "डिसेंड टू फोर झीरो झीरो." यातला 'टू' म्हणजे दोनचा आकडा. पण 'डिसेंड'नंतर 'अमुक उंचीपर्यंत' या अर्थाचा 'टू' येणार हे कानाला आधीच ठाऊक असतं. कानाने तो दोनचा आकडा गिळला आणि उरलं फोर झीरो झीरो, म्हणजे चारशे फूट. वैमानिकाचं उत्तर गेलं, "ओके, फोर झीरो झीरो." विमान चोवीसशेच्या खाली उतरत राहिलं, जमीन जवळ आल्याचे इशारे कॉकपिटमध्ये वाजत होते तरीही, आणि पुचोंगजवळच्या टेकडीवर आदळलं. विमानात चौघे होते, चौघेही गेले.

आता नीट बघा, तिथे आकडे एकेक करूनच बोलले गेले होते! उलट तिथे 'टू थाउजंड फोर हंड्रेड' म्हटलं असतं तर 'टू' गिळला जाऊनही 'थाउजंड' मागे उरला असता आणि समोरच्याने विचारलं असतं, किती थाउजंड? 'डिसेंड टू ऑल्टिट्यूड टू थाउजंड फोर हंड्रेड फीट' म्हटलं असतं तर आणखी पक्कं झालं असतं, कारण दोन 'टू'च्या मध्ये 'ऑल्टिट्यूड' उभा राहतो. ब्रिटिशांनी तर नियमच केलाय: 'टू' वापरलात तर त्याला लगेच चिकटून 'ऑल्टिट्यूड' किंवा 'हाइट' आलंच पाहिजे, आणि फ्लाइट लेव्हल सांगताना 'टू' म्हणायचाच नाही. आपल्याकडे इतकं काटेकोर नाही, पण माझं वैयक्तिक मत, सवय हीच लावा. आकड्याच्या आधी तो कशाचा आकडा आहे ते सांगायचं. टू फोर झीरो हे हेडिंगही असतं, वेगही असतो आणि फ्लाइट लेव्हलही.

दुसरं, त्या "ओके, फोर झीरो झीरो" कडे बघा. कॉलसाइन नाही, 'ऑल्टिट्यूड' नाही, 'फीट' नाही. 'ओके' म्हणजे ऐकलं, की पटलं, की करतो? आणि रीडबॅक, म्हणजे वैमानिकाने परत म्हणून दाखवलेली सूचना, ऐकून चूक पकडणं हे कंट्रोलरचंही काम असतं, ते तिथे झालं नाही. त्याला टू फोर झीरो झीरो ऐकायचं होतं, शेवटचे तीन अंक जुळले आणि विषय संपला. मोबाइल नंबर घेताना समोरचा 'सदुसष्ट' म्हणतो, आपण 'सत्याहत्तर' लिहितो आणि परत वाचून दाखवल्यावरही तो 'हां, हां' म्हणतो, तसंच. म्हणून रीडबॅक असा द्यायचा की चूक असलीच तर ऐकणाऱ्याच्या कानाला टोचली पाहिजे: "डिसेंडिंग टू ऑल्टिट्यूड टू थाउजंड फोर हंड्रेड फीट", आणि शेवटी कॉलसाइन. उंची, हेडिंग, वेग, क्यूएनएच, स्क्वॉक, रनवेची परवानगी, यातल्या कशालाही नुसतं 'रॉजर' चालत नाही. रॉजर म्हणजे फक्त 'तुमचं बोलणं पूर्ण पोचलं'.

आता उच्चारांबद्दल, इथे माझा तोल जातो. मी ज्या क्लासला जात होतो (नाव घेत नाही, शहरही नाही) तिथे पहिल्या दिवसापासून माझा 'मराठी टोन' काढायचं काम चाललं होतं. झेरॉक्सच्या कागदावर छापील संवाद, ते परदेशी वळणाने म्हणायचे, फी मात्र आगाऊ. एकाही सरांनी हे सांगितलं नाही की नियमातच ३ चा उच्चार 'ट्री' आहे, ४ चा 'फोअर' दोन तुकड्यांत, ५ चा 'फाइफ', ९ चा 'नाइनर' आणि हजाराचा 'टाउजंड'. म्हणजे ज्या इंग्रजी 'थ'साठी आमची जीभ दाताखाली धरायला लावत होते, तो 'थ' नियमाने मुद्दाम काढून टाकलाय! कारण साधं आहे. रेडिओचा आवाज टेलिफोनसारखा दबका असतो, त्यावर खरखर, आणि मग 'फाइव्ह' आणि 'नाइन' दोन्हींतला फक्त 'आइ' उरतो. मी ते वळण घोटत बसलो. निकालाच्या कागदावर फक्त 'अनुत्तीर्ण', कुठे चुकलं विचारायला त्या ऑफिसात गेलो तर ही खिडकी, ती खिडकी, शेवटी "तशी पद्धत नाही." लायसन्स त्यापायी अडकलं, खोलीचं भाडं चालूच. असो.

तुमचे मराठी उच्चार सावकाश आणि सपाट असतील तर ते त्या नक्कल केलेल्या वळणापेक्षा बरेच. घरी मिक्सर चालू ठेवून स्वतःचे रीडबॅक मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐकून फक्त आकडे कागदावर उतरवा. जिथे अडाल तिथे आकडा नाही, बहुतेक वेळा त्याच्या आधीचा शब्द खाल्लेला सापडेल.

'टेक-ऑफ'चंही विचारतील. २७ मार्च १९७७ ला टेनेरीफला केएलएमचा सहवैमानिक "वी आर नाऊ अॅट टेक-ऑफ" म्हणाला. याचा अर्थ 'जागेवर उभे आहोत' की 'निघालो'? कंट्रोलरने "ओके" म्हटलं, त्याचं पुढचं वाक्य आणि पॅन अॅमचं बोलणं एकाच वेळी आल्याने केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टीसारखा आवाज आला. केएलएमचं विमान धावपट्टीवरच असलेल्या पॅन अॅमच्या विमानाला धडकलं, ५८३ माणसं गेली. तेव्हापासून टेक-ऑफ हा शब्द परवानगी देताना किंवा ती रद्द करताना, एवढाच. एरवी 'डिपार्चर'.

आणि तोंडीत आकडा निसटला तर अंदाजाने ठोकू नका. "से अगेन" म्हणा, किंवा "से अगेन ऑल आफ्टर डिसेंड". त्याचे मार्क कापतात असं क्लासवाले सांगतील, माझे तरी कापले नव्हते.