दीपगृहावरच्या लघुपटाची लॉगलाइन आणि सिनॉप्सिस

प्रश्न: मी कोल्हापूरचा आहे. दहा मिनिटांचा, संवाद नसलेला ॲनिमेशन लघुपट पूर्ण केला आहे. नोकरीच्या शेवटच्या रात्री दीपगृहाचे भिंग फिरवणारे यंत्र मोडते आणि रखवालदार पहाटेपर्यंत ते हाताने फिरवतो. सकाळी आलेल्या होडीतून त्याच्या जागी बसवायचा स्वयंचलित दिवा उतरतो. लॉगलाइन अशी आहे: 'एकटेपणा, समुद्र आणि प्रकाश यांची मूक कविता.' चालेल का? सिनॉप्सिसमध्ये शेवट सांगावा का?

शेवट अवश्य सांगावा. लॉगलाइन मात्र बदलावी. आपल्याच शहरातल्या एका लघुपट महोत्सवाच्या प्राथमिक निवडीसाठी मी अर्ज वाचत आलो आहे, आणि तुमची ओळ वाचून मला हा लघुपट समुद्रकाठच्या इतर लघुपटांपासून वेगळा ओळखता आला नसता. कोण आहे, त्याला काय करायचे आहे आणि ते न जमल्यास काय बिघडेल, यांपैकी काहीच तिच्यात नाही. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या प्रश्नातच आहेत. तिसरी दीपगृहाच्या कामकाजातच दडलेली आहे.

जुन्या दीपगृहात दिवा सतत जळत असतो आणि त्याच्याभोवतीचे भिंग खाली सरकणाऱ्या वजनावर चालणाऱ्या यंत्राने फिरते. भिंगाला चार बाजू असतील आणि त्याची एक फेरी चाळीस सेकंदांत होत असेल, तर समुद्रावरच्या माणसाला दर दहा सेकंदांनी एक झोत दिसतो. हे अंतर प्रत्येक दीपगृहासाठी ठरवून दिलेले असते आणि खलाशी त्यावरून 'हे अमुक ठिकाण' असे ओळखतो. म्हणून यंत्र मोडल्यावर खरा धोका केवळ काळोखाचा नसतो. भिंग भलत्या वेगाने फिरले, तर होडीवाला हे दुसरेच दीपगृह समजून चुकीच्या दिशेने वळू शकतो. रत्नागिरीला सहलीला गेल्यावर लांबून दीपगृह पाहिलेल्या परीक्षकाला हे ठाऊक असेलच असे नाही, त्यामुळे ते लॉगलाइनमध्येच यायला हवे. मी ती अशी लिहीन:

'नोकरीच्या शेवटच्या रात्री भिंग फिरवणारे यंत्र मोडल्यावर दीपगृहाच्या वृद्ध रखवालदाराला ते पहाटेपर्यंत हाताने अचूक तालात फिरवावे लागते. ताल चुकला, तर येणारी होडी खडकांवर आदळेल.'

येथे स्वयंचलित दिव्याचा उल्लेख मी मुद्दाम टाळला आहे, कारण लॉगलाइन बहुधा छापील कार्यक्रमपत्रिकेतही जाते आणि प्रेक्षकाला शेवट आधी कळू नये. सिनॉप्सिसचे तसे नाही. ती निवड समिती वाचते, आणि 'पुढे काय होते ते पडद्यावर पाहा' असे वाक्य आले की दिग्दर्शकाला शेवट सापडलेला नाही अशी शंका येते. अर्जात कार्यक्रमपत्रिकेसाठी वेगळा संक्षिप्त परिचय मागितला असेल, तर तेथे शेवट झाकावा.

सिनॉप्सिस वर्तमानकाळात, शंभरेक शब्दांत पुरे:

'खडकाळ बेटावरच्या दीपगृहात रखवालदार नोकरीची शेवटची रात्र काढत आहे. मध्यरात्री यंत्राचे चाक तुटते आणि झोत एकाच दिशेला थबकतो. दुरून एक होडी येत आहे. तो भिंगाला खांदा लावतो, पण घाईने वेग वाढतो आणि होडी खडकांकडे वळते. मग तो भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके मोजत पावले टाकू लागतो. ताल जुळतो, होडी पुन्हा मार्गाला लागते. पहाटे तीच होडी धक्क्याला येते आणि तिच्यातून त्याच्या जागी बसवायचा स्वयंचलित दिवा उतरतो. रखवालदार तो खोका स्वतः उचलून जिना चढू लागतो.'

घड्याळ, वळलेली होडी आणि खोका उचलणे हे माझे अंदाज आहेत. तेथे तुमच्या पडद्यावर जे घडते तेच लिहा. यातल्या एकाही वाक्यात 'त्याला आयुष्याची व्यर्थता जाणवते' यासारखे काही नाही, हेही पाहा. संवाद नसलेल्या लघुपटात अशी जाणीव चित्रातूनच पोहोचते, आणि ती सिनॉप्सिसमध्ये शब्दांनी सांगितली की परीक्षक ती पडद्यावर शोधू लागतो. घटनाही दहा मिनिटांत मावतील एवढ्याच असाव्यात. रखवालदाराचे बालपण, पत्नी आणि वादळ या सगळ्यांना एकेक वाक्य दिले, तर लघुपट घाईचा असेल असे वाचणाऱ्याला वाटते.

ॲनिमेशनचे तंत्र, म्हणजे कागदावर काढलेली चित्रे की संगणकावरची, हे अर्जातल्या तंत्राच्या रकान्यात किंवा दिग्दर्शकाच्या निवेदनात लिहावे. सिनॉप्सिसमध्ये ते तेव्हाच यावे, जेव्हा कथा त्यावर चालते. उदाहरणार्थ, फक्त झोत पडेल तेवढाच भाग रंगीत दिसत असेल तर.

ऑनलाइन अर्जात मर्यादा बहुधा अक्षरचिन्हांची असते, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे प्रत्येकी वेगळे मोजले जातात. मजकूर वहीत छोटा दिसला तरी चौकटीत न मावण्याची शक्यता असते, म्हणून तो आधी चौकटीत चिकटवून पाहावा. इंग्रजी मजकूरही मागितला असेल, तर मराठी वाक्यांमागून शब्दशः न जाता लघुपट समोर ठेवून तो नव्याने लिहावा.