रोजच्या खाण्याच्या नोंदवहीत ग्रॅम आणि कॅलरी वेगळ्या रकान्यांत लिहा

पहिल्या आठवड्यात तीनच घटकांकडे बघा: प्रथिनं, कर्बोदकं आणि स्निग्ध पदार्थ. यांनाच मॅक्रो म्हणतात. व्हिटॅमिनं वगैरे नंतर.

ग्रॅम हे वजन, कॅलरी ही ऊर्जा. 1 ग्रॅम प्रथिन किंवा कर्बोदकातून साधारण 4 कॅलरी मिळतात, 1 ग्रॅम स्निग्धातून 9. म्हणून 10 ग्रॅम साखर म्हणजे 40 कॅलरी आणि 10 ग्रॅम तेल म्हणजे 90. फोडणीचं तेल लिहायला बहुतेक जण विसरतात, आणि नेमका तिथेच हिशोब चुकतो.

नवख्यांच्या आणखी दोन चुका:

- 30 ग्रॅम तूरडाळ घेतली की ‘प्रथिनं 30 ग्रॅम’ असं लिहिणं. ते डाळीचं वजन झालं. त्यात प्रथिनं जेमतेम 6-7 ग्रॅम, बाकी बरीचशी कर्बोदकं.
- शिजलेला भात तोलून कच्च्या तांदळाचे आकडे लावणं. 100 ग्रॅम तांदळात सुमारे 350 कॅलरी असतात. शिजल्यावर वजन अडीच-तीन पट होतं, पण वाढलेले ग्रॅम पाण्याचे, कॅलरी तेवढ्याच. त्यामुळे धान्य, डाळ कच्चीच तोला. रोजच्या स्वयंपाकात तेच सोपं पडतं.

सध्या दशांश चिन्हांच्या नादी लागू नका.