‘होता’ दिसला की ‘हॅड’ लावायचं का?

सर नमस्कार, मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून लिहितेय, मराठी मिडियममधून बीए झालंय आणि दीड वर्षापासून सरळसेवेची तयारी करतेय. मराठी, जीके, गणित बरं जातं पण इंग्रजीत ‘पुढील मराठी वाक्याचं अचूक भाषांतर निवडा’ हा प्रश्न आला की चार पर्यायांपैकी दोन उडवता येतात आणि उरलेल्या दोनात दरवेळी चुकीचाच निवडते. एकदा टेन्समध्ये चुकते, एकदा अ-द मध्ये. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? की अख्खं ग्रामर परत पहिल्यापासून करू?

ताई, दोन पर्याय तुला उडवता येतात म्हणजे ग्रामरचं पुस्तक तू नीट वाचलेलं आहेस, परत पहिल्यापासून वाचायला बसलीस तर तीन महिने जातील आणि हे शेवटचे दोन पर्याय तिथेच राहतील. कारण ते दोन पर्याय इंग्रजीच्या नियमावर बेतलेलेच नसतात, ते बेतलेले असतात मराठी वाचणाऱ्याच्या सवयीवर. पेपर काढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की मराठीत ‘होता’ दिसलं की आपला हात ‘हॅड’कडे जातो, ‘आहे’ दिसलं की ‘इज’ किंवा ‘हॅव’कडे जातो, आणि तो एक पर्याय बरोब्बर तिथेच मांडून ठेवतो.

‘होता’चंच आधी घेऊ, कारण माझ्याकडे जी मुलं सरावाचे पेपर घेऊन येतात त्यांच्या सगळ्यात जास्त चुका मला इथेच दिसतात. ‘मी गेल्या वर्षी दिल्लीला गेले होते.’ याचं भाषांतर ‘आय हॅड गॉन टू दिल्ली लास्ट इयर’ नाही, ‘आय वेंट टू दिल्ली लास्ट इयर’ आहे. मराठीत आपण ‘गेले होते’ म्हणतो ते गोष्ट जुनी झाली, जाऊन परत आले, एवढंच सांगायला म्हणतो. इंग्रजीतला ‘हॅड’ तेवढ्यावर येत नाही, त्याला भूतकाळातली आणखी एक गोष्ट लागते जिच्या आधी हे घडलं. आता हे बघ, ‘मी स्टेशनवर पोचले तेव्हा गाडी सुटली होती.’ इथे पोचणं एक आणि सुटणं त्याच्या आधीचं, म्हणून ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’. दोन्ही वाक्यांत मराठी क्रियापदाचा शेवट तोच आहे, इंग्रजी मात्र वेगळी.

म्हणून ‘होता, होती, होते’ दिसलं की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, कशाच्या आधी? उत्तर वाक्यातच सापडलं (पोचले तेव्हा, येण्यापूर्वी, त्याआधीच) तर ‘हॅड’ घ्यायचा, आणि उत्तर म्हणून नुसतं ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘२०१९ मध्ये’ एवढंच मिळालं तर साधा भूतकाळ. कधीकधी वाक्यात काळ सांगणारा शब्दच नसतो, ‘मी दिल्लीला गेले होते’ इतकंच, मग दोन्ही अर्थ निघू शकतात आणि तिथे बाकीचे पर्याय बघून ठरवावं लागतं, अशा एखाद्या प्रश्नापायी डोकं धरून बसू नकोस.

‘आहे’चंही असंच आहे. ‘मी काल अर्ज दिला आहे’ हे आपण अगदी सहज बोलतो, मराठीत त्यात काही वावगं नाही, पण इंग्रजीत यस्टर्डे, लास्ट मंथ, अगो असा संपलेला काळ आला की त्याच्याजवळ ‘हॅव’ बसतच नाही. तिथे ‘गेव्ह’. आणि ‘पासून’ आलं की उलटंच होतं, ‘मी २०२१ पासून पुण्यात राहते’ हा मराठीत साधा वर्तमानकाळ वाटतो म्हणून मुलं ‘आय लिव्ह’ किंवा ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स’ वर टिक करून मोकळी होतात, बरोबर असतं ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे सिन्स २०२१’. तेव्हापासून आजपर्यंत चालूच आहे हे सांगायचं काम मराठीत एकटा ‘पासून’ करतो, इंग्रजीत ते क्रियापदाला करावं लागतं. तसाच ‘पाऊस आला तर मी येणार नाही’ मधला ‘आला’, दिसायला भूतकाळ पण गोष्ट पुढची, म्हणून ‘इफ इट रेन्स’. ‘रेन्ड’ नाही आणि ‘विल रेन’ पण नाही.

आता अ आणि द. मराठीत आर्टिकल नाही असं सगळे सांगतात आणि तिथेच सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण आर्टिकलचं काम मराठी दुसऱ्या रीतीने करते आणि ते तुला जन्मापासून येतंय. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघ. पहिलं कधी म्हणशील? टेबलावर काय आहे असं कोणी विचारलं तर. दुसरं? पुस्तक कुठे आहे असं विचारलं तर, म्हणजे कुठलं पुस्तक ते दोघांनाही माहीत आहे. पहिल्याचं इंग्रजी ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’, दुसऱ्याचं ‘द बुक इज ऑन द टेबल’. शब्द सारखेच, फक्त जागा बदलली आणि आर्टिकल बदललं. नवी गोष्ट मराठीत क्रियापदाच्या जवळ येते आणि आधीपासून माहीत असलेली गोष्ट वाक्याच्या सुरुवातीला, अगदी प्रत्येक वाक्यात नाही पण बहुतेक वेळा.

दुसरी खूण म्हणजे ‘ला’ प्रत्यय. ‘पोलिसांनी चोर पकडला’ यात चोर कोणी तरी असेल किंवा ठरावीकही असेल, पण ‘पोलिसांनी चोराला पकडलं’ म्हटलं की ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तोच, म्हणजे ‘द थीफ’. आणि ‘दारात एक माणूस उभा आहे’ मधला ‘एक’ मोजायचा एक नाही, कोणी एक असा आहे, तिथे ‘अ मॅन’ येतं, ‘वन मॅन’ नाही. शाळा, हॉस्पिटल, कोर्ट यांच्याआधी जरा थांबायचं, मुलगा शिकायला शाळेत गेला तर ‘वेंट टू स्कूल’, वडील फी भरायला गेले तर ‘वेंट टू द स्कूल’. मराठीत दोन्हीकडे ‘शाळेत गेले’च असतं, कशासाठी गेले ते वाक्यातून शोधावं लागतं.

अ की ॲन यासाठी तर मराठी मिडियमवाल्यांच्या हातात फारच सोपी चीज आहे. तो शब्द कच्च्या कागदावर उच्चारासारखा देवनागरीत लिही. पहिलं अक्षर स्वर आलं तर ॲन, व्यंजन आलं तर अ. अवर, ऑनेस्ट, एमएलए, एफआयआर, सगळे स्वराने सुरू होतात, ॲन. युनिव्हर्सिटी य ने, युरोपियन य ने, वन-वे व ने, म्हणून अ. इंग्रजी स्पेलिंगमध्ये यातलं काहीच दिसत नाही, अवरच्या सुरुवातीला तर चक्क एच असतो, पण देवनागरीत लिहिलं की समोर येतं.

आता हे सगळं एका प्रश्नावर लावून बघू. वाक्य असं, ‘गेल्या महिन्यात मी तहसील कार्यालयात अर्ज दिला होता, पण अजून दाखला मिळालेला नाही.’ पर्याय असे:

पहिला: लास्ट मंथ आय हॅड सबमिटेड ॲन ॲप्लिकेशन ॲट द तहसील ऑफिस, बट आय हॅव नॉट रिसीव्हड द सर्टिफिकेट येट.

दुसरा: लास्ट मंथ आय हॅव सबमिटेड ॲन ॲप्लिकेशन ॲट द तहसील ऑफिस, बट आय डिड नॉट रिसीव्ह द सर्टिफिकेट येट.

तिसरा: लास्ट मंथ आय सबमिटेड ॲन ॲप्लिकेशन ॲट द तहसील ऑफिस, बट आय हॅव नॉट रिसीव्हड द सर्टिफिकेट येट.

चौथा: लास्ट मंथ आय सबमिटेड द ॲप्लिकेशन ॲट द तहसील ऑफिस, बट आय हॅव नॉट रिसीव्हड सर्टिफिकेट येट.

चारही पर्याय पूर्ण वाचत बसू नकोस, तीनदा वाचलं की चारही बरोबरच वाटायला लागतात. आधी फक्त कुठे फरक आहे ते बघ. फरक आहे सबमिटच्या आधी काय आलंय त्यात, रिसीव्हच्या रूपात, आणि ॲप्लिकेशन-सर्टिफिकेटच्या आर्टिकलमध्ये. बाकी सगळं सारखं, तिकडे बघायचंच नाही. ‘दिला होता’, कशाच्या आधी? वाक्यात दुसरी भूतकाळातली गोष्ट आहे का? ‘मिळालेला नाही’ आहे, पण ती आजची स्थिती झाली, आज हातात दाखला नाही. म्हणजे उत्तर नुसतं ‘गेल्या महिन्यात’, म्हणून पहिला गेला. ‘लास्ट मंथ’जवळ ‘हॅव’ बसत नाही म्हणून दुसरा गेला, त्याचा पुढचा अर्धा भाग वाचायचीही गरज नाही. तिसरा आणि चौथा टेन्सच्या बाबतीत अगदी सारखे, आणि बहुतेक तू अडकतेस ती हीच जागा असेल. मराठीकडे परत ये. ‘अर्ज’ क्रियापदाला चिकटून आलाय, पहिल्यांदाच कळतोय, ‘ॲन’. दाखला मात्र कुठलाही नाही, ज्यासाठी अर्ज केला तोच, ‘द’. शिवाय सर्टिफिकेट मोजता येणारी एक वस्तू आहे, ती इंग्रजीत अशी उघडी राहू शकत नाही. उत्तर तिसरा.

बघितलंस का, पहिल्या पर्यायात एका ‘हॅड’शिवाय काहीही चूक नव्हती. घाईत असलीस तर पाच सेकंदात त्याच्यावर टिक करून पुढे गेली असतीस.

क्लासचं म्हणशील तर या प्रश्नासाठी स्पोकनचा क्लास लावू नको. बोलायला आलं तर नोकरीत पुढे उपयोग होईलच, पण बोलताना समोरचा माणूस ‘आय हॅड गॉन टू दिल्ली लास्ट इयर’ समजून घेतो आणि पुढे बोलतो, कोणी चूक दाखवत नाही, त्यामुळे नेमकी हीच सवय अजून घट्ट होते. त्यापेक्षा एक वही कर. तुझे जुने सोडवलेले पेपर काढ, भाषांतराचे जेवढे प्रश्न चुकलेत तेवढे काढ आणि प्रत्येकाचं मराठी वाक्य, तू निवडलेला पर्याय आणि बरोबर पर्याय एकाखाली एक लिहून फक्त फरकाच्या शब्दाखाली रेघ मार. बाजूला कारण लिही, एका शब्दात: होता, आहे, पासून, तर, जागा, ला, उच्चार. असे तीसेक प्रश्न झाले की कुठला शब्द सारखा सारखा येतोय ते तुलाच दिसेल, आणि मग आठवडाभर फक्त त्याच शब्दाची वाक्यं घे. वाक्यं पुस्तकातली नको, घरातलीच घे, आज सकाळपासून घरात कोण काय काय बोललं त्यातली दहा वाक्यं लिही आणि त्यांचं इंग्रजी कर. आपण दिवसभरात ‘गेला होता’, ‘सांगितलं होतं’, ‘ठेवलं होतं’ किती वेळा म्हणतो ते लिहायला बसल्यावरच कळतं, आणि त्यातल्या किती ठिकाणी खरोखर ‘हॅड’ लागतो ते मोज. वही भरली की फोटो काढून पाठव, मी बघतो.