ट्यून केलेला आवाज यंत्रासारखा का वाटतो?

प्रश्न : मी बारावीनंतर साउंड इंजिनिअरिंगचा कोर्स करतोय. स्टुडिओत असिस्टंट म्हणून अर्ज करताना एका भावगीताचा व्होकल ट्यून करून पाठवायचा आहे. मेलोडाइनमध्ये सगळे सूर रेषेवर आणले की आवाज रोबोटसारखा होतो. काय चुकतंय? – एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : सगळे सूर रेषेवर आणले, हेच चुकतंय. पडद्यावरची जाळी कीबोर्डची आहे. तानपुऱ्यावर गाणाऱ्याचा शुद्ध गंधार त्या रेषेच्या साधारण १४ सेंट खाली बसतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). तो वर ओढलास तर सुरात असलेला सूर तू बिघडवतोस. मागे कीबोर्डचे कॉर्ड्‌स असतील तर मात्र कॉर्डसोबत ऐकून ठरव.

आता एक जागा धरू. ‘सांज आली दारी’ अशी ओळ आहे आणि ‘दा’वर मध्यमावरून मींड घेत गायिका गंधारावर दोन सेकंद थांबते. थांबलेला सूर रेषेच्या ३४ सेंट खाली दिसतो. आधी मींड आणि ठहराव यांच्यामध्ये नोट काप. न कापता नोट सरकवलीस तर तिचा मध्य काढताना वरून येणारी मींडही हिशेबात येते, आणि ठहराव खालीच राहतो. कापल्यावर फक्त ठहराव २० सेंट वर घे, म्हणजे तो तानपुऱ्याच्या गंधारावर येईल. मींडेला हात लावू नकोस, पण सांध्यावर पायरी पडली नाही ना, हे ऐकून बघ. शेवटी श्वास संपताना सूर घसरत असेल तर Pitch Drift थोडा कमी कर. निम्म्यावर बहुतेक काम भागतं. Pitch Modulation मात्र तसाच ठेव. आवाजातला कंप त्यात असतो, तो सपाट झाला की रोबोट आलाच.

लयीतही तीच घाई नडते. ‘सांज’मधला ‘स’ समेच्या आधी सुरू होतो आणि समेवर पडतो तो ‘आ’. नोटेची सुरुवात समेवर चिकटवलीस तर ‘आ’ उशिरा येतो आणि गायिका मागे पडल्यासारखी वाटते. म्हणून स्वराची सुरुवात बघून शब्द सरकव. लांबी कमी-जास्त करायची तर ती स्वरात कर. ‘स’, ‘श’ ताणले की फरफटतात, त्यामुळे ते वेगळे कापून मूळ लांबीचेच राहू दे. भावगीतात किंचित मागून येणं ही गायकी असते. ते मुद्दाम घेतलंय का, हे आधीच्या दोन ओळी ऐकून कळतं.

तपासताना मूळ टेक आणि दुरुस्त टेक एकाच आवाजपातळीवर आलटून पालटून ऐक, पडद्याकडे न बघता. आधी नुसता आवाज आणि तानपुरा, मग पूर्ण वाद्यवृंद. आवाज एकटा सोडला की सांधे उघडे पडतात, वाद्यांत ते लपतात.

अर्जासोबत वीस-तीस सेकंदांचा तुकडा आधीचा आणि नंतरचा, असा दोन्ही पाठव. कुठल्या नोटा बदलल्या आणि कुठल्या मुद्दाम सोडल्या, ते चार ओळींत लिही. गायिकेची परवानगी आधी घे. कच्चा टेक बाहेर गेलेला कुणालाच आवडत नाही.