आधी नॉइज, शार्पनिंग शेवटी

तुम्ही पाठवलेल्या खंड्याच्या फोटोत चोचीभोवती पांढरी कड आणि मागच्या हिरव्यात खडबडीत दाणे दिसतात, दोन्ही एकाच चुकीतून आलंय. तुम्ही शार्पन, म्हणजे कडा धारदार करणं, आधी केलंत. शार्पनिंगला पीस कुठलं आणि नॉइजचा दाणा कुठला हे कळत नाही, ते दोघांनाही धार लावतं. मग नंतर डीनॉइज केलं, म्हणजे दाणे पुसायला गेलात, की ते धारदार दाणे सॉफ्टवेअरला तपशील वाटतात. डीनॉइजचा जोर वाढवला, तर पिसं मेणासारखी होतात.

६४०० आयएसओचा, ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो असेल तर मी असं करते:

१. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या प्रक्रिया न केलेल्या फाइलवरच डीनॉइज. रॉ उघडताना सॉफ्टवेअर आपणहून थोडं शार्पन करतं, ते शून्यावर आणा.
२. क्रॉप. समजा उरले २१०० × १४००.
३. १२ × ८ इंचाच्या प्रिंटला ३०० पीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेल धरून, ३६०० × २४०० लागतात, म्हणून फोटो साधारण १.७ पट मोठा करायचा, म्हणजेच अपस्केल. फक्त मोबाइलवर दाखवायचा असेल तर ही पायरी सोडाच.
४. शेवटच्या आकारावर शार्पन, रेडियस, म्हणजे कडेभोवती धार लागण्याची रुंदी, १ पिक्सेलच्या आसपास.

अपस्केलआधी शार्पन केलं तर ती पांढरी कडही १.७ पट रुंद होते, आणि मग ती काढता येत नाही.

प्रत्येक पायरीनंतर १०० टक्के झूमवर डोळा आणि चोचीची कड बघा. डीनॉइजनंतर थोडे दाणे राहिले तरी चालतील, प्रिंटमध्ये ते फारसे दिसत नाहीत.