‘नैसर्गिक न्याय वगळला’ असे म्हणावे का?

प्रश्न : “राष्ट्रीय सुरक्षेचे कारण सांगून सरकारने सीलबंद लिफाफा दिला, तर ‘नैसर्गिक न्याय वगळला’ असे लिहिणे बरोबर आहे का? नागपूर खंडपीठाच्या बातम्यांचे भाषांतर करताना अडले.”

नैसर्गिक न्याय म्हणजे निर्णयाआधी संबंधिताला कारणे कळवून बाजू मांडू देणे. तो वगळणे ही क्रिया कोणाची, हे वाक्यात स्पष्ट असेल तर बरोबर आहे. ‘सरकारने वगळला’ हे मात्र अपुरे आहे, कारण सरकार केवळ दावा करते. तो मान्य करायचा की नाही, हे न्यायालय ठरवते.

मीडियावन या मल्याळम वाहिनीचे प्रकरण पाहावे. गृहमंत्रालयाने सुरक्षा मंजुरी नाकारल्यामुळे ३१ जानेवारी २०२२ रोजी तिची परवानगी रद्द झाली. कारणे वाहिनीला कळलीच नाहीत. केरळ उच्च न्यायालयाने लिफाफ्यातील कागद पाहिले आणि निर्णय कायम ठेवला. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. माहिती दडवणे सुरक्षेच्या हिताचे आहे असे मानण्यास कागदोपत्री आधार आहे का, सारासार विचार करणारा माणूस त्याच निष्कर्षावर येईल का, आणि हक्कावरील घाला गरजेपुरताच आहे का, हे न्यायालयाने तपासले. वाहिनीचे जमात-ए-इस्लामी हिंदशी संबंध दाखवणाऱ्या गुप्तचर अहवालांतील बरीच माहिती सार्वजनिक रीतीने उपलब्ध होती आणि ती संघटना बंदी घातलेलीही नव्हती. सरकारी धोरणांवर केलेली टीकाही सुरक्षेला धोका ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

मराठीत सर्वाधिक गोंधळ ‘सीलबंद लिफाफा’ आणि ‘जनहितार्थ गोपनीयतेचा दावा’ या दोन संज्ञांत होतो. लिफाफ्यातील कागद न्यायाधीश वाचतात आणि त्यांवर निकालही देऊ शकतात. प्रतिपक्षाला मात्र आपल्याविरुद्ध काय आहे हेच ठाऊक नसते, त्यामुळे ते खोडून काढण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसऱ्या पद्धतीत दावा मान्य झाला तर तो कागद खटल्यातूनच बाद होतो आणि त्यावर ना सरकारला विसंबता येते, ना न्यायालयाला. दाव्याची छाननी करताना न्यायालयाच्या मदतीला न्यायमित्र नेमता येतो. केवळ नावे वा स्रोत झाकून उरलेला मजकूर देता येईल का, हेही पाहिले जाते. म्हणून दोन्हींसाठी ‘गोपनीय कागदपत्रे सादर’ एवढेच लिहिणारी बातमी खरा फरक गिळून टाकते, असे माझे मत आहे.

तराजू दर वेळी नागरिकाच्याच बाजूला झुकतो असे नाही. विमानतळांवर सेवा देणाऱ्या सेलेबी या कंपनीची सुरक्षा मंजुरी मे २०२५ मध्ये रद्द झाली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने सीलबंद साहित्य पाहून जुलैमध्ये तिची याचिका फेटाळली. तिथे ‘सुरक्षेच्या कारणास्तव पूर्वसुनावणी न देणे न्यायालयाने ग्राह्य धरले’ असे लिहावे. मीडियावनबाबत ‘सुनावणी नाकारण्याचे सरकारचे समर्थन न्यायालयाने अमान्य केले’ असे.